डिसमिल, गुंठा, आर आणि खंडी (नागपूर परिसर)

नागपूरच्या गावांत शेताचा सौदा एकरात ठरतो, पण सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहिलेले असते. एकराखालचे क्षेत्र सांगताना जुनी माणसे ‘डिसमिल’ म्हणतात. डिसमिल म्हणजे एकराचा शंभरावा भाग, ४३५.६ चौरस फूट. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रांत आणि त्यानंतरच्या मध्य प्रदेशात होते, आणि तिथल्या जुन्या कागदांत एकराचे भाग दशांशात लिहीत. पश्चिम महाराष्ट्रातला गुंठा त्याहून मोठा असतो: ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, म्हणजे १,०८९ चौरस फूट. एकरात गुंठे ४०, त्यामुळे एक गुंठा अडीच डिसमिलचा. आर हा १०० चौरस मीटरचा, सुमारे १,०७६ चौरस फूट. तो गुंठ्याच्या इतका जवळ आहे की बोलताना दोन्ही एकच धरतात. पाच एकरांना २०० आर धरले, तर खरे क्षेत्र २०२ आरांहून थोडे अधिक निघते. एवढा फरक बांधावर कुणी काढत नाही.

खरी गफलत टिंबाने होते. कागदावर ‘१.२०’ असेल, तर हेक्टर-आरमध्ये तो १ हेक्टर २० आर, म्हणजे सुमारे २.९७ एकर. एकर-गुंठ्यांत वाचला तर दीड एकर, आणि एकर-डिसमिलमध्ये सव्वा एकरालाही थोडा कमीच. एकरी १५ लाख भाव धरला, तर त्याच आकड्याची किंमत अनुक्रमे साडेचव्वेचाळीस, साडेबावीस आणि १८ लाख होते. ओळखायची एक खूण आहे: टिंबानंतरचा आकडा ३९ च्या वर असेल, तर ते गुंठे नव्हेत. पण आकडा लहान असला की ही खूण निरुपयोगी. मग रकान्याचे शीर्षक वाचावे, जुन्या कागदाचे तर हमखास.

वजनांत मण (४० शेर, सुमारे ३७.३ किलो) आता मुख्यतः बोलण्यापुरता उरला आहे. तोळा मूळचा ११.६६ ग्रॅमचा, पण सराफाकडे तो १० ग्रॅमचा धरतात. आजीच्या दागिन्याचे जुने तोळे आजच्या पावतीत जास्त भरतात, ते यामुळे. व्यापारात जिवंत आहे ती खंडी, आणि तीही रुईची: सुमारे ३५६ किलो. शेतकरी मात्र सरकीसकट कापूस क्विंटलने विकतो. क्विंटलभर कापसातून ३४ किलो रुई निघाली, तर एका खंडीला साडेदहा क्विंटल कापूस लागतो. म्हणून खंडीला ५६,९६० रुपये भाव ऐकून ‘किलोला १६०’ असा हिशेब केला, तर तो रुईचा होतो. त्यावरून आपल्या कापसाचा भाव काढायचा तर क्विंटलमागे रुईचे साधारण ५,४४० रुपये येतात. सरकीची किंमत त्यात मिळवायची आणि जिनिंगचा खर्च वजा करायचा.