उन्हाळ्यात धरणाचा तळ वर येतो?

“पाणी उतरल्याचा हिशेब धरला, तरी मे महिन्यात नावेवरचं मशीन खोली थोडी कमीच दाखवते. तळ फुगतो म्हणतात ना?” इटियाडोह धरणावर एका ढिवर काकांनी विचारलं.

तळ जागेवरच असतो, काका. मशीन वेळ मोजते, आवाजाच्या जाऊन-येऊन फेरीचा. त्या वेळेला आवाजाच्या वेगाने गुणून निम्मं करते. वेग मात्र बहुधा सेकंदाला १५०० मीटर असा ठोकून दिलेला. गोड्या पाण्यात १८ अंशांना तो १४७६ असतो, ३० अंशांना १५०९. म्हणून खऱ्या १२ मीटरचे थंडीत १२.२० दिसतात, उन्हाळ्यात ११.९३. वीतभर ‘गाळ’ इथेच साचतो!

मे महिन्यातही खालचं पाणी गारच असतं, तेव्हा मशीनमध्ये नुसतं वरच्या पाण्याचं तापमान भरू नका. खुणा केलेल्या साखळीने लोखंडी पाटी मशीनखाली १० मीटरवर सोडा. आकडा १० येईपर्यंत वेग बदला.