मूत्राशयातला दाब आणि किडनी: मज्जारज्जूच्या दुखापतीनंतरच्या उपचारांची पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धात मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांपैकी बहुतेक जण काही आठवड्यांत किंवा फार तर काही वर्षांत दगावत. जीव घेत ते पाठीवरचे शय्याव्रण आणि लघवीतला जंतुसंसर्ग. १९४४ साली इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल इथे लुडविग गुट्‌मन यांनी खास केंद्र सुरू केलं आणि ठरावीक वेळी निर्जंतुक कॅथेटरने लघवी काढण्यावर भर दिला. १९७२ मध्ये अमेरिकेत जॅक लॅपिडीस यांनी दाखवलं, की हात स्वच्छ धुऊन, साध्या स्वच्छ कॅथेटरनेही हे काम होतं. त्यामुळे रुग्णाला ते घरी, स्वतःच्या हाताने करता येऊ लागलं.

तरी किडन्या बिघडतच राहिल्या, आणि त्याचं कारण कळायला वेळ लागला. दुखापतीनंतर काही आठवडे मूत्राशय अगदी सुस्त असतं. मग कमरेखालच्या प्रतिक्षिप्त क्रिया परततात आणि मूत्राशय मेंदूला न विचारता आकुंचन पावू लागतं. ओटीपोटावर थोपटलं की लघवी होते, आत थोडीच उरते. आत उरलेली लघवी कमी असली की मूत्राशय ‘ठीक’, असा त्या काळचा सर्वसाधारण निकष होता. पण या निकषात लघवी किती जोर लावून बाहेर आली, हे कुठेच मोजलं जात नव्हतं.

मज्जारज्जू शाबूत असेल तर मूत्राशयाचा स्नायू आवळतो तेव्हा खालचा झडपेसारखा स्नायू, म्हणजे स्फिंक्टर, सैल पडतो. मेंदूच्या बुंध्याशी असलेला संबंध तुटला की हा मेळ जातो आणि दोन्ही स्नायू एकाच वेळी आवळतात. मूत्राशय बंद दाराशी झुंजत राहतं, त्याची भिंत जाड आणि ताठ होते. किडनीतून लघवी खाली ढकलणाऱ्या मूत्रवाहिनीचा जोर मुळात बेताचाच. मूत्राशयाच्या पिशवीतला दाब तासन्‌तास चढा राहिला की वरची लघवी खाली उतरत नाही, मूत्रवाहिनी फुगते, कधी लघवी उलटी वर चढते आणि किडनीचं काम हळूहळू मंदावतं.

दाबाला आकडा मिळाला १९८१ मध्ये. एडवर्ड मॅकग्वायर आणि सहकाऱ्यांनी जन्मतः मज्जारज्जूत दोष असलेल्या ४२ मुलांची पाहणी केली. ज्यांची लघवी गळू लागताना मूत्राशयातला दाब पाण्याच्या ४० सेंटिमीटरपेक्षा जास्त होता, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या मूत्रवाहिन्या फुगल्या होत्या. कमी दाबाच्या गटात असं क्वचितच दिसलं. हा अभ्यास दुखापतग्रस्तांचा नव्हता, लहान मुलांचा होता. म्हणून ४०च्या खाली सगळं सुरक्षित, असं मानणं माझ्या मते चूक आहे. दाब किती वेळ चढा राहतो, तेही तितकंच महत्त्वाचं.

तो मोजायची तपासणी म्हणजे युरोडायनॅमिक्स. मूत्राशयात एक बारीक नळी, गुदाशयात दुसरी. पहिलीच्या दाबातून दुसरीचा वजा केला की पोटाचा दाब निघून जातो आणि मूत्राशयाच्या स्नायूचा स्वतःचा दाब उरतो. रुग्णाला खोकायला सांगतात. दोन्ही रेषा सारख्याच उसळल्या तर नळ्या नीट बसल्या आहेत. मग सलाइन अगदी हळू भरतात, कारण घाईने भरलं तर मूत्राशय नसतं तितकं ताठ दिसतं. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर इजा असेल तर रक्तदाब पाहत राहावं लागतं. डोकं ठणकू लागलं, घाम फुटला आणि रक्तदाब भराभर चढला, तर तपासणी थांबवून मूत्राशय लगेच रिकामं करायचं.

एक नमुना उदाहरण घेऊ. छातीच्या आठव्या मणक्याच्या पातळीवर इजा झालेला तरुण थोपटून लघवी करतो. त्याला त्रास काही नाही, किडनीचं काम जोखायला रक्तात मोजतात ते क्रिएटिनिनही नॉर्मल. पण पायांचे स्नायू रोडावले की क्रिएटिनिन मुळातच कमी बनतं, त्यामुळे तो आकडा उशिरापर्यंत फसवतो. तपासणीत १५० मिलीनंतर दाब चढू लागतो, २१० मिलीला ८० सेंटिमीटरवर जातो, आणि नेमक्या त्याच वेळी स्फिंक्टरची विद्युत नोंद विरळ होण्याऐवजी दाट होते, म्हणजे तो सैल न पडता आवळतो. त्यामुळे सकाळी पिशवीत ४०० मिली साठते तेव्हा किडन्या कितीतरी वेळ दाबाखाली असतात. थोपटणं बंद होतं. मूत्राशय शांत करणारं ऑक्सिब्युटिनिन आणि दर चार ते सहा तासांनी कॅथेटर सुरू होतं. काही आठवड्यांनी पुन्हा मोजल्यावर ४०० मिलीला दाब १८ भरला, तर त्या मापाच्या आत पिशवी रिकामी करण्याचं वेळापत्रक बसवता येतं. गोळीने दाब उतरला नाही, तर मूत्राशयाच्या भिंतीत स्नायू सैल करणाऱ्या बोटुलिनमची इंजेक्शनं. तीही पुरली नाहीत, तर आतड्याचा तुकडा जोडून पिशवी मोठी करण्याची शस्त्रक्रिया.

इंजेक्शनचा परिणाम काही महिन्यांत ओसरतो आणि मूत्राशयही वर्षागणिक बदलतं. त्यामुळे गळती वाढली, ताप वारंवार येऊ लागला किंवा सोनोग्राफीत किडनी फुगलेली दिसली, तर जुन्या नोंदीवर विसंबून न राहता दाब नव्याने मोजावा लागतो.