उतरलेलं वजन परत येतं तेव्हा: एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

वजन कमी करायचं, वर्षभरात ते परत चढायचं, मग पुन्हा नव्याने सुरुवात. या चक्राला ‘यो-यो डाएटिंग’ म्हणतात. त्याने चयापचय कायमचं बिघडतं, ही समजूत सर्वदूर पसरली त्यामागे 1986 सालचा उंदरांवरचा एक प्रयोग आहे. अमेरिकेत केली ब्राउनेल आणि सहकाऱ्यांनी लठ्ठ उंदरांचं खाणं कमी करून वजन उतरवलं, ते परत वाढू दिलं आणि हाच क्रम पुन्हा केला. पहिल्या वेळी वजन उतरायला 21 दिवस लागले, दुसऱ्या वेळी 46. पहिल्यांदा ते परत यायला 45 दिवस लागले होते, दुसऱ्यांदा 14 पुरले. हे आकडे लोकांच्या मनात घर करून बसले, यात नवल नाही.

माणसांमध्ये मात्र चित्र इतकं सरळ निघालं नाही. अनेकदा वजन उतरवलेल्या आणि तसं न केलेल्या लोकांची तुलना करणाऱ्या बहुतेक अभ्यासांत चयापचय त्या चक्रामुळे कायमचं मंदावल्याचं दिसलं नाही. हृदयाबाबतही चित्र स्पष्ट नाही. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम या हृदयविकारावरच्या दीर्घकालीन अभ्यासाच्या 1991 सालच्या विश्लेषणात वजनात जास्त चढउतार असलेल्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू अधिक दिसले. पण वजन मुद्दाम उतरवलं होतं की आजारपणामुळे उतरलं, हे अशा नोंदींतून नीट कळत नाही. म्हणून 1994 मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञगटाने पुरावा पुरेसा नसल्याचं सांगितलं आणि या भीतीपायी लठ्ठ माणसांनी प्रयत्न सोडू नयेत असंही म्हटलं. हा निष्कर्ष आम्हाला आजही योग्य वाटतो, पण त्याचा अर्थ चक्र निरुपद्रवी आहे असा होत नाही.

खरी मेख आहे ती काय जातं आणि काय परत येतं यात. त्यासाठी आणखी मागे जावं लागतं. 1944-45 मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन जवळजवळ पाव भागाने घटलं. नंतर खाणं वाढवलं तेव्हा चरबी आधी भरून आली, स्नायू मागे राहिले. पोटभर जेवूनही भूक शमेना. पुढे 1997 मध्ये त्याच नोंदींच्या फेरतपासणीत दिसलं की चरबी पूर्ववत झाल्यावरही स्नायूंची तूट राहते आणि त्या काळात भूक चढीच असते. हे तरुण सडपातळ होते, म्हणून लठ्ठ माणसाला हे जसंच्या तसं लावता येत नाही, पण दिशा कळते.

एक हिशोब मांडून पाहू. समजा 80 किलोच्या व्यक्तीने भराभर 10 किलो उतरवले. त्यात साडेसात किलो चरबी आणि अडीच किलो स्नायू व इतर चरबीविरहित भाग गेला. वजन परत 80 झालं, पण आलेल्या दहांत नऊ किलो चरबी असली, तर काटा तोच राहतो आणि चरबी दीड किलोने वाढलेली असते. काट्याला हे दिसत नाही, टेपला दिसतं. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, श्वास सोडून, महिन्यातून एकदा कंबर मोजावी. वजन तेच आणि कंबर वाढलेली असेल तर अदलाबदल झाल्याची शक्यता मोठी. म्हणूनच वजन सावकाश उतरवणं, पुरेशी प्रथिनं घेणं आणि आठवड्यातून दोनदा तरी ताकदीचे व्यायाम करणं याला महत्त्व आहे. वाढत्या वयात तर जास्तच, कारण तेव्हा गेलेला स्नायू सहज परत मिळत नाही.

मनाचा भाग याच काट्यापाशी सुरू होतो. डाएटच्या पहिल्या काही दिवसांत एक-दोन किलो झरकन उतरतात, ते बरंचसं पाणी असतं. शरीरातल्या साठवलेल्या साखरेच्या, म्हणजे ग्लायकोजेनच्या, प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. साठा संपला की पाणी जातं आणि एखाददुसरं नेहमीचं जेवण झालं की ते परत येतं. काटा दोन दिवसांत दीड किलो वर गेला, की माणूस म्हणतो, ‘सगळं वाया गेलं’, आणि तिथेच घसरण सुरू होते. 1975 मध्ये हर्मन आणि मॅक या संशोधकांनी खाण्यावर सतत लगाम ठेवणाऱ्यांना आधी मिल्कशेक दिला, नंतर आइस्क्रीम. मिल्कशेक न घेतलेल्या तशाच लोकांपेक्षा त्यांनी आइस्क्रीम जास्त खाल्लं. नियम मोडलाच आहे तर आता आवरायचं कशाला, हा विचार भुकेपेक्षा वरचढ ठरला. त्यामुळे रोजचा आकडा मनावर घेण्याऐवजी सात दिवसांची सरासरी काढून ती मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून पाहावी. पाण्याचा चढउतार त्यात बराचसा विरून जातो. आकड्याने दिवसाचा मूड ठरू लागला, किंवा उपास आणि बेभान खाणं आलटून पालटून होऊ लागलं, तर मात्र नवं डाएट सुरू न करता आधी डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं.