मराठीची लकब आणि लिहिणाऱ्याची लकब

कॉलेजच्या अर्जासाठी मराठीत लिहिलेलं आत्मनिवेदन इंग्रजीत नेताना प्रत्येक जण एकच सल्ला देतो: ‘मुलाचा आवाज जपा.’ आवाज म्हणजे काय, हे मात्र कुणी सांगत नाही. मग एक गट मराठी वाक्यरचना तशीच्या तशी इंग्रजीत ओततो आणि म्हणतो, आवाज जपला. दुसरा गट ती रचना सुधारता सुधारता सगळं गुळगुळीत करून टाकतो. दोघांची चूक एकच आहे. मराठीची लकब कुठली आणि लिहिणाऱ्याची कुठली, हे त्यांनी वेगळं केलेलंच नसतं.

गुणपत्रिकेचं भाषांतर शब्दाला शब्द ठेवून करतात, ते सगळ्यांना येतं. ब्रिटिश स्पेलिंग की अमेरिकी, हा वाद तर सोडूनच द्या. एक धरा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

आता हा उतारा बघा. उदाहरणासाठी मीच रचलाय, लिहिणारी मुलगी आहे असं धरा.

‘आजोबांचं घड्याळ उघडलं. स्प्रिंग उडाली. तीन दिवस शोधली. चौथ्या दिवशी त्यांना सांगून टाकलं. ते एवढंच म्हणाले, “मिनिटकाटा तरी राहिलाय ना?”’

यात ‘मी’ कुठेच नाही. म्हणून इंग्रजीतही ‘ओपन्ड ग्रँडफादर्स क्लॉक’ असं ठेवलं, तर ती तार वाटते. ‘मी’ गाळणं ही या मुलीची शैली नाही, मराठीत तो सगळेच गाळतात. तिथे ‘आय’ बिनदिक्कत घाला.

तुटक वाक्यांचं तसं नाही. ‘घड्याळ उघडताना स्प्रिंग उडाली आणि तीन दिवस शोधूनही सापडली नाही’ असं लिहायची मोकळीक तिला होती. तिने पूर्णविराम निवडले. भीती वाटली, वाईट वाटलं, असंही लिहिलं नाही. तीन दिवस शोधली म्हटलं आणि सोडून दिलं. मी परीक्षा लावतो ती हीच: मराठीत दुसऱ्या तऱ्हेने म्हणता आलं असतं का? आलं असतं, तर ती निवड तिची, ती जपायची. व्याकरणानेच तसं म्हणायला लावलं असेल, तर ते खुशाल सोडा.

अवघड जागा आहे ‘सांगून टाकलं’. ‘टाकणं’ जोडायची सोय मराठीची, पण साधं ‘सांगितलं’ सोडून ती वापरली मुलीने. रचना इंग्रजीत येणार नाही, तिच्यातली ‘एकदाचं उरकलं’ ही भावना आणावी लागेल. ‘तरी’ आणि ‘ना’ यांचंही तेच. आजोबांची सगळी थट्टा त्या दोन छोट्या शब्दांत आहे. मी असं करीन:

‘आय ओपन्ड माय ग्रँडफादर्स क्लॉक. द स्प्रिंग फ्लू आउट. आय लुक्ड फॉर इट फॉर थ्री डेज. ऑन द फोर्थ आय जस्ट टोल्ड हिम. ऑल ही सेड वॉज, “वी स्टिल हॅव द मिनिट हँड, डोन्ट वी?”’

गुळगुळीत करणारे इथे काय लिहितात, तेही सांगतो: ‘माय पॅशन फॉर मेकॅनिक्स वॉज इग्नायटेड.’ पॅशन हा शब्द दिसला की मी आधी तो खोडतो आणि मग उरलेलं वाचतो. मूळ उताऱ्यात आवड नाही, एक हरवलेली स्प्रिंग आहे.

शब्द मोजा. मराठीत वीस, इंग्रजीत पस्तीस. आपले विभक्तिप्रत्यय शब्दाला चिकटतात, इंग्रजीत त्यांचे सुटे शब्द होतात. शिवाय ‘आय’ आणि ‘द’ वाढतात. अमेरिकी कॉलेजांच्या सामायिक अर्जातल्या, म्हणजे कॉमन ॲपच्या, निबंधाला ६५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे मराठीत ६५० लिहिले की इंग्रजीत फसगत ठरलेली. मराठी मसुदा साडेतीनशेच्या आसपासच थांबवलेला बरा. तरीही जास्त झालं, तर एखादा अख्खा प्रसंग काढा. वाक्यं जोडून शब्द वाचवायला गेलात, तर पहिला बळी त्या पूर्णविरामांचा जातो.

शेवटी इंग्रजी मजकूर मनातल्या मनात परत मराठी करून मुलीला मोठ्याने ऐकवा आणि ती कुठे अडखळते ते बघा. वर ‘जस्ट’च्या जागी ‘फायनली’ असतं, तर परत येताना ‘अखेर सांगितलं’ झालं असतं. अखेर म्हणजे ती सांगायची संधी शोधत होती. ती तर तीन दिवस टाळत होती.