कार्यकारी सारांश (व्यवहार्यता अहवालाचा)

दीर्घ व्यवहार्यता अहवालाच्या आरंभी जोडलेला, पण अहवालापासून सुटा काढून वाचला तरी पूर्ण कळणारा मजकूर. कचेऱ्यांत त्याला सरसकट ‘एक्झिक्युटिव्ह समरी’ म्हणतात. शंभर-दीडशे पानांच्या अहवालाला दोन ते तीन पाने पुरतात. अहवालात कोणकोणती प्रकरणे आहेत हे सांगणे प्रस्तावनेचे काम. सारांशातून व्यवस्थापकीय संचालकांना एवढेच हवे असते: करायचे की नाही, किती पैसे लागतील, कशाच्या भरवशावर आणि आज आमच्याकडून कोणता निर्णय हवा.

सारांश अहवालात पहिला येतो, पण लिहायचा शेवटी, अहवालातले आकडे पक्के झाल्यावर. त्याची मांडणी अहवालाच्या उलट असते. अहवाल पाहणीपासून निष्कर्षाकडे जातो, सारांश शिफारशीपासून सुरू होतो.

उदाहरणासाठी एक काल्पनिक प्रकल्प घेऊ. मांडवीकाठच्या मालीम जेटीजवळ रोज २० टन बर्फाच्या लाद्या करणारा कारखाना काढावा का, असा प्रश्न आहे. भांडवली खर्च २ कोटी २८ लाख रुपये, एका टनामागे खर्च वजा जाता शिल्लक १,००० रुपये आणि क्षमतेचा वापर ७५ टक्के धरला आहे. घातलेले पैसे सहा वर्षांत वसूल व्हावेत, ही कंपनीची मर्यादा आहे. अशा अहवालाचा सारांश पुष्कळदा असा उघडतो: ‘गोव्याच्या अर्थव्यवस्थेत मत्स्यव्यवसायाला महत्त्वाचे स्थान आहे. प्रस्तुत अहवालात बाजारपेठ, तंत्रज्ञान व वित्त यांचा सविस्तर अभ्यास केला आहे.’ दोन वाक्ये झाली, तरी वाचणाऱ्याच्या हाती काही लागले नाही. तोच आरंभ असा हवा: ‘मालीमचा कारखाना काढावा, अशी शिफारस आहे. २ कोटी २८ लाख रुपये लागतील व ते पाच वर्षांत वसूल होतील. किमान ६२.५ टक्के क्षमता वापरली गेली, तरच वसुली कंपनीच्या सहा वर्षांच्या मर्यादेत राहते.’

यातले तिसरे वाक्य बहुतेक सारांशांत नसते, आणि खरी चूक तिथेच होते. ‘पाच वर्षांत वसुली’ हा आकडा दोन गृहीतकांवर उभा आहे. पहिले म्हणजे कामाचे दिवस. गोव्यात १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते आणि जेटीवरची बर्फाची मागणी त्या काळात जवळजवळ थांबते. म्हणून वर्षाचे ३०४ दिवस धरायचे. ७५ टक्के वापराने ४,५६० टन बर्फ विकला जातो, शिल्लक ४५ लाख ६० हजार रुपये राहते आणि वसुलीला बरोबर पाच वर्षे लागतात. कोणी विसरून ३६५ दिवस धरले, तर हाच काळ चार वर्षे दोन महिने दिसतो. सारांश एकटाच वाचणाऱ्याला ही चूक पकडायला जागा नसते, म्हणून ‘बंदीचे ६१ दिवस वगळून’ हे शब्द आकड्याला चिकटूनच यायला हवेत.

दुसरे गृहीतक वापराचे. वापर ६० टक्क्यांवर आला, तर वसुली सव्वासहा वर्षांवर जाते. कंपनीची मर्यादा ओलांडली जाते ती ६२.५ टक्क्यांखाली. गृहीतके बदलली तर निकाल किती बदलतो हे दाखवणारे संवेदनशीलतेचे अख्खे कोष्टक सारांशात ओतण्यापेक्षा जिथे शिफारस उलटते तो एक आकडा द्यावा. ही वसुली व्याज व कर धरण्याआधीची आहे, हेही तिथेच लिहावे. शिवाय पगारासारखा स्थिर खर्च वापर घटला म्हणून घटत नाही. टनामागची शिल्लक कमी होते आणि प्रत्यक्ष काळ याहून लांबतो. खर्चाची अशी फोड अहवालात केली असेल, तर सारांशातला आकडा तिच्यावरून काढावा.

अटी ठोस शब्दांत लिहाव्या लागतात. ‘आवश्यक परवानग्या घ्याव्या लागतील’ म्हटल्याने कोणालाच काही कळत नाही. भरतीचे पाणी पोहोचणाऱ्या नदीकाठाला सीआरझेडचे, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचे, नियम लागू होतात. जागा त्या पट्ट्यात येत असेल, तर ‘गोवा किनारी विभाग व्यवस्थापन प्राधिकरणाची मंजुरी हाती येईपर्यंत यंत्रांची ऑर्डर देऊ नये’ असे लिहिले की संचालकांना पैसा कधी सोडायचा ते कळते. शेवटी मागणी यावी: आज पूर्ण रक्कम मंजूर करायची आहे, की फक्त जागेच्या पाहणीचा आणि अर्जाचा खर्च.

‘प्रकरण ४ पाहा’, न उलगडलेली लघुरूपे, कुठे लाख तर कुठे मिलियन, यांमुळे सुटा सारांश अडखळतो. त्याहून घातक दोष म्हणजे जुना आकडा. यंत्राचे नवे कोटेशन आल्यावर वित्त प्रकरण सुधारले जाते आणि सारांशात मागच्या मसुद्यातली रक्कम तशीच राहते. पाठवण्याआधी सारांशाच्या छापील प्रतीवर प्रत्येक आकड्याशेजारी पेन्सिलीने अहवालाचा पान क्रमांक लिहावा. ज्याला पान सापडत नाही, तो आकडा काढावा किंवा आधी अहवालात आणावा. मग अहवाल न पाहिलेल्या एखाद्या सहकाऱ्याला ती दोन पाने द्यावीत आणि विचारावे: काय मंजूर करायला सांगितले आहे, किती रुपयांचे, आणि कशामुळे फसू शकते? तो ज्या उत्तराला अडेल, तो परिच्छेद पुन्हा लिहायचा.