चार हजार तासांत नेमके कोणते तास धरले जातात?

शिरपूर, अमळनेर, साक्री या भागांत अहिराणी गाणी आणि कॉमेडी करणाऱ्या पोरांच्या तोंडी आज ‘हजार सबस्क्रायबर, चार हजार तास’ हीच अट असते. व्हिडिओंवरच्या जाहिरातींतला वाटा चॅनलला देणाऱ्या यूट्यूबच्या पार्टनर प्रोग्रॅममध्ये ती पहिल्यापासून नव्हती. 2007 साली कार्यक्रम सुरू झाला तेव्हा मोजक्याच चॅनलांना आत घेत. पुढे दार बरंच सैल झालं, आणि एप्रिल 2017 मध्ये चॅनलला एकूण 10,000 व्ह्यूज हव्यात अशी पहिली आकड्याची अट आली. द्वेष पसरवणाऱ्या व्हिडिओंवर आपल्या जाहिराती दिसतात म्हणून मोठ्या जाहिरातदारांनी हात आखडता घेतला होता, त्या दबावातून ती आली.

खरा वाद जानेवारी 2018 च्या निर्णयाचा. व्ह्यूजची अट गेली आणि तिच्या जागी 1,000 सबस्क्रायबर व मागच्या 12 महिन्यांत 4,000 तासांचा वॉच टाइम, म्हणजे लोकांनी व्हिडिओ बघण्यात घालवलेला एकूण वेळ, आला. जी चॅनलं आधीच आत होती, तीही या रेषेखाली असतील तर 20 फेब्रुवारीपासून बाहेर झाली. बाहेर पडणाऱ्यांपैकी 99 टक्के चॅनलांची मागच्या वर्षीची कमाई 100 डॉलरपेक्षा कमी होती, असं तेव्हा सांगण्यात आलं. पण गडबड झाली ती एका मोठ्या, नावाजलेल्या चॅनलच्या व्हिडिओवरून, आणि झळ बसली ती छोट्यांना. बोलीभाषेतल्या चॅनलांचा प्रेक्षकच मर्यादित असतो, त्यामुळे त्यांना ती जास्त बसली, असं माझं मत आहे.

त्यातही जाचक आहे ती 12 महिन्यांची खिडकी. सबस्क्रायबरच्या आकड्याला मुदत नाही, तासांना आहे. आपल्याकडे आखाजीची आणि लग्नाची गाणी एप्रिल-मेमध्ये धो धो चालतात, कानबाईची श्रावणात. चार मिनिटांचं गाणं लोक सरासरी दोन मिनिटं बघत असतील, तर 4,000 तासांना 1,20,000 व्ह्यूज लागतात. ते एका हंगामात जमले नाहीत, तर पुढच्या आखाजीला नवे तास येऊ लागतात तसे मागच्या आखाजीचे रोज गळत जातात.

मोजले जातात ते फक्त सार्वजनिक व्हिडिओचे वैध तास. समजा, एका चॅनलच्या अ‍ॅनालिटिक्समध्ये वर्षाचे 5,200 तास दिसतात. त्यातले 1,700 शॉर्ट्स फीडमधले आहेत, 300 पैसे भरून केलेल्या प्रमोशनमधून आलेत, आणि 250 एका जुन्या गाण्याचे आहेत जे ‘चॅनल स्वच्छ दिसावं’ म्हणून प्रायव्हेट केलं. तिन्ही वजा होतात आणि उरतात 2,950. व्हिडिओ डिलीट किंवा अनलिस्टेड केला तरी हेच होतं. लाइव्हचे तासही रेकॉर्डिंग सार्वजनिक राहिलं तरच धरतात. म्हणून अर्जाआधी जुने व्हिडिओ लपवू नयेत, आणि आकडा अ‍ॅनालिटिक्समध्ये न बघता स्टुडिओतल्या Earn या टॅबमध्ये बघावा. तिथे पात्र तासच दिसतात.

सबस्क्रायबरचं थोडं सोपं आहे. आपलं सबस्क्रिप्शन खाजगी ठेवणारा माणूस यादीत दिसत नाही, पण एकूण आकड्यात असतो. विकत घेतलेली किंवा बंद झालेली खाती मात्र वेळोवेळी काढली जातात, आणि आकडा एका रात्रीत हजाराखाली येऊ शकतो.

2023 मध्ये दोन नव्या वाटा निघाल्या. 90 दिवसांत शॉर्ट्सवर 1 कोटी वैध व्ह्यूज आल्या तर 4,000 तासांची गरज नाही, मात्र 1,000 सबस्क्रायबर लागतातच. शिवाय 500 सबस्क्रायबर, 90 दिवसांत 3 सार्वजनिक व्हिडिओ आणि 12 महिन्यांत 3,000 तास किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सच्या 30 लाख व्ह्यूज अशी खालची पायरी आली. तिथे मेंबरशिप, सुपर चॅटसारखे प्रेक्षकांकडून येणारे पैसे मिळतात, जाहिरातीचा वाटा नाही. ही पायरी आधी मोजक्या देशांत होती, पुढे भारतातही आली. वरच्या उदाहरणातल्या 2,950 तासांच्या चॅनलला ती 50 तासांनी हुकते.

15 ऑक्टोबर 2024 पासून चढवलेला तीन मिनिटांपर्यंतचा उभा किंवा चौकोनी व्हिडिओ शॉर्ट धरला जातो. आधी ही मर्यादा एक मिनिट होती. दोन मिनिटांची उभी अहिराणी कॉमेडी करणाऱ्यांचं गणित इथेच बदललं. तोच प्रसंग आडवा चित्रित केला तर त्याचे तास 4,000 मध्ये जातात, उभा केला तर फीडमधले तास जात नाहीत. मार्च 2025 च्या अखेरीपासून शॉर्ट सुरू झाला की व्ह्यू मोजली जाते, त्यामुळे वर दिसणारा आकडा फुगला. पात्रतेला मात्र प्रेक्षक खरोखर थांबून बघतो त्याच, ‘एंगेज्ड’ व्ह्यूज धरतात.