तीन धक्क्यांचं कोडं, आणि त्यातल्या सात चुका

```
#######
#     #
# $ *.#
#@    #
#######
```

हे गोदाम आहे. `#` म्हणजे भिंत, `@` म्हणजे हमाल, `$` म्हणजे खोकं, `.` म्हणजे खोकं ठेवायची जागा आणि `*` म्हणजे जागेवर आधीच बसलेलं खोकं. हमालाला खोकं फक्त ढकलता येतं, ओढता येत नाही, आणि एका वेळी एकच. दोन्ही खोकी ठरलेल्या दोन जागांवर गेली की संपलं. फरशीवर दोन काडेपेट्या मांडूनही खेळता येईल.

हा सोकोबान. हिरोयुकी इमाबायाशी यांचा हा जपानी खेळ थिंकिंग रॅबिट या कंपनीने १९८२ साली बाजारात आणला. त्याच्या लेव्हल वर्षानुवर्षं माणसं हाताने बनवत आली. संगणकाने बनवायच्या म्हटल्या की दोन प्रश्न उभे राहतात: ही लेव्हल सुटेल याची खात्री काय, आणि ती किती अवघड आहे हे ठरवायचं कशावरून?

आधी वरचं कोडं सोडवून बघा. पहिला मोह डावीकडचं मोकळं खोकं उजवीकडे ढकलायचा होतो, कारण दुसरं तर जागेवर आहेच. पण तो एक धक्का दिलात की खेळ संपला. दोन्ही खोकी एकमेकांना चिकटतात. उजवीकडच्याला पुढे ढकलायला मागे उभं राहावं लागतं आणि तिथे दुसरं खोकं आहे. वर किंवा खाली ढकलावं, तर खोकं भिंतीला लागतं आणि तिथून कधीच सुटत नाही. खरी सोडवणूक उलटी आहे: जागेवर बसलेल्या खोक्यालाच आधी एक घर उजवीकडे सरकवायचं, मग मोकळं खोकं दोन घरं ढकलून त्याच्या जागी आणायचं. एकूण तीन धक्के.

अशी लेव्हल यंत्राला कशी सुचेल? सरळ वाट म्हणजे भिंती आणि खोकी कशीही टाकायची, मग सोडवणारा प्रोग्रॅम, म्हणजे सॉल्व्हर, त्यावर चालवायचा आणि जे सुटत नाही ते फेकून द्यायचं. १९९६ साली मुरासे, मात्सुबारा आणि हिरागा या जपानी संशोधकांनी साधारण याच धर्तीवर काम केलं होतं. अडचण अशी की फेकायचं फार निघतं, आणि जे उरतं त्यातलं बरंचसं अगदीच पोरकट असतं.

दुसरी वाट मला जास्त आवडते: शेवटाकडून सुरुवात करायची. दोन्ही खोकी जागेवर ठेवा आणि नियम उलटा करा. आता हमाल फक्त ओढू शकतो. असं ओढत ओढत जिथे पोचाल, तिथून सरळ नियमाने परत येता येणारच, कारण प्रत्येक ओढण्याचा उलटा धक्का आहे. सुटेल का हा प्रश्नच मिटतो.

आपल्याच गोदामात करून बघू. आत ५ गुणिले ३, म्हणजे १५ घरं. ओढण्यासाठी हमालाच्या मागे एक घर मोकळं लागतं. म्हणून खोकं वरच्या किंवा खालच्या ओळीत ओढता येत नाही, हमाल भिंतीत जाईल. मधल्या ओळीतही ते डावीकडून दुसऱ्या घराच्या पलीकडे जात नाही. म्हणजे खोक्यासाठी फक्त चार घरं जिवंत, बाकीची अकरा मेलेली. चार घरांत दोन खोकी सहा प्रकारे बसतात. घरांना डावीकडून २, ३, ४, ५ म्हणू. जागा आहेत ४ आणि ५. शेवटची मांडणी ४-५. तिथून एक ओढ: ३-५. आणखी एक: २-५. आता पाचव्या घरातलं ओढा: २-४. पुढे काहीच ओढता येत नाही. म्हणजे सहापैकी चारच मांडण्या मिळाल्या, आणि सर्वांत लांबची २-४ म्हणजे नेमकी आपली सुरुवात! २-३ आणि ३-४ या चिकटलेल्या जोड्या उलट वाटेवर एकदाही आल्या नाहीत. त्याच तर फसलेल्या मांडण्या.

२०११ साली जोशुआ टेलर आणि इयन पॅरबेरी यांनी हेच मोठ्या प्रमाणावर केलं. छोट्या ठोकळ्यांसारखे तयार तुकडे जोडून खोली बनवायची, जागा ठरवायच्या आणि उलट शोध घेत जी मांडणी सर्वांत दूर राहते तिला सुरुवात म्हणायचं. ‘दूर’ मोजताना त्यांनी धक्के मोजले नाहीत, दिशा बदलण्याचे टप्पे मोजले: एकाच खोक्याला एकाच दिशेने सलग दिलेले दहा धक्के म्हणजे एकच टप्पा. शहाणपणाचं आहे, कारण लांबलचक बोळातून एकच खोकं चाळीस घरं ढकलणं कष्टाचं असेल, अवघड नाही.

पण अवघडपणा इथेही पूर्ण पकडला जात नाही. आपलं कोडं टप्प्यांत मोजा: दोन. धक्क्यांत मोजा: तीन. दोन्ही आकडे सांगतात, सोपं आहे. आता सुरुवातीला एकूण किती धक्के देता येतात ते मोजा. प्रत्येक खोक्याला चारही बाजूंनी, म्हणजे आठ. त्यातले पाच खोक्याला मेलेल्या घरात नेतात, दोन खोकी चिकटवतात, आणि एकच बरोबर. पहिल्या पाच चुका माणूस सहसा करत नाही, भिंत डोळ्यांना दिसते. उरलेल्या दोन फसवतात, आणि त्यातली एक, मोकळं खोकं उजवीकडे ढकलणं, प्रगती वाटते. गंमत म्हणजे साध्या सॉल्व्हरचीही इथे तशीच फसगत होते. तो उरलेलं अंतर घरं मोजून आजमावतो: सुरुवातीला तीन, आणि त्या जीवघेण्या धक्क्यानंतर दोन. त्याच्या हिशेबी सुधारणाच. म्हणून चांगल्या सॉल्व्हरला चिकटलेल्या जोड्या ओळखायला वेगळं शिकवावं लागतं.

ब्रनोमधल्या मासारिक विद्यापीठात पेत्र यारुशेक आणि राडेक पेलानेक यांनी २०१० साली माणसांच्या सोडवण्याच्या वेळा गोळा करून हे तपासलं. उत्तराची लांबी किंवा शक्य मांडण्यांची संख्या यांवरून वेळेचा अंदाज नीट येत नव्हता. कोडं एकमेकांशी संबंध नसलेल्या तुकड्यांत फुटतं का, हे जास्त कामाचं ठरलं. खोकी एकमेकांच्या वाटेत येत नसतील तर सहा खोकी म्हणजे सहा सोपी कोडी. आपल्या गोदामात दोनच आहेत, पण एकाला हात लावल्याशिवाय दुसऱ्याचं काम होत नाही.

उलट शोधाची मर्यादाही सांगायला हवी. आपल्याकडे सहा मांडण्या होत्या. ४० मोकळ्या घरांत १० खोकी ठेवायच्या तऱ्हा जवळजवळ ८४ कोटी ७७ लाख होतात, आणि हमाल कुठल्या बाजूला अडकलाय हे वेगळंच. एवढं सगळं बघून सर्वांत लांबची मांडणी शोधणं परवडत नाही, मग मध्येच थांबून हाती लागेल ती घ्यावी लागते. सुटण्याची हमी तरीही टिकते, फक्त ‘सर्वांत लांबची’ हा दावा सोडावा लागतो.

सरळ वाटेने जाणाऱ्याचं दुखणं आणखी वेगळं. सॉल्व्हरला वेळेची मर्यादा घातली आणि उत्तर आलं नाही, तर लेव्हल अशक्य होती की सॉल्व्हर कमी पडला, हे कळत नाही. १९९७ साली जोसेफ कल्बर्सन यांनी सिद्ध केलं की सर्वसाधारण सोकोबान हा पीस्पेस-कम्प्लीट वर्गातला, म्हणजे संगणकासाठी फार अवघड प्रश्न आहे. एक्ससोकोबान या संचातल्या ९० लेव्हल माणसं कधीच सोडवून बसली होती. अल्बर्टा विद्यापीठातला रोलिंग स्टोन हा गाजलेला सॉल्व्हर मात्र त्या सगळ्या सोडवू शकला नाही. सर्व ९० सुटल्याचं यारोन शोहाम आणि जोनाथन शेफर यांनी मांडलं ते २०२० साली. तोपर्यंत ‘सॉल्व्हरला जमलं नाही’ म्हणून फेकून दिलेल्या लेव्हलमध्ये उत्तम कोडी किती गेली असतील, हे त्या फेकणाऱ्या प्रोग्रॅमलाही सांगता येणार नाही.